हॉस्टेलमध्ये चोरून केटलमध्ये अंडी उकडायचा प्रसंग लिहितेय, वेळ नेमकी कुठे चुकवू?

बिमली

नमस्कार मंडळी. मी डिचोलीची, कॉलेजची चार वर्षं फोंड्याला हॉस्टेलवर काढली. त्या दिवसांवर एक कथा लिहितेय, दिवाळी अंकाला पाठवायचा विचार आहे. त्यातला एक प्रसंग अडलाय. मुलगी सत्तरीची आहे, सुलभा, पहिल्या वर्षाला. सोमवार, मेस शिवराक म्हणजे शाकाहारी, अळसांद्याचं तोणाक तिला जात नाही म्हणून ती लपवून ठेवलेल्या केटलमध्ये अंडी उकडते आणि वेळ चुकते. आतापर्यंत लिहिलंय ते असं:

*साडेनऊला मेसमधून वर आल्या आल्या सुलभाने दाराला कडी लावली. बाहेर पाऊस एकसारखा कोसळत होता त्यामुळे कडीचा आवाज कोणाला गेला नसणार. टॉवेलात गुंडाळलेली चार अंडी तिने बॅगेतून एकेक काढली, संध्याकाळच्या पोदेराकडून घेतलेले दोन उंडे टेबलावर ठेवले आणि खाटेखालून केटल ओढली. दहाला मॅडमची राउंड. लवकर उकळावं म्हणून तिने बाटलीतलं थोडंसंच पाणी ओतलं, अंडी अर्धी वरच राहिली. बटण दाबलं. तन्वी खाटेवर बसून मोबाईलकडे बघत होती. दोन मिनिटंही झाली नसतील, टक्. "झालीं गो," तन्वी म्हणाली. सुलभाने पहिलं अंडं ओढणीत धरून टेबलाच्या कडेवर आपटलं आणि पांढरं पाणी तिच्या मनगटावरून थेट प्रॅक्टिकलच्या जर्नलवर ओघळलं.*

आता माझी अडचण अशी की मी स्वतः कधी केटलमध्ये अंडी उकडली नाहीत, माझी रूममेट उकडायची आणि मी नुसती खायचे. टक् झाल्यावर अंडं खरंच इतकं कच्चं असतं का? की वाचणारा म्हणेल हिला काही माहीत नाही? दुसरं म्हणजे चूक उलटी दाखवावी का, म्हणजे जास्त शिजली आणि वास सुटला म्हणून पकडली गेली? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

मांडवीकाठ

मी तीन वर्षं केलंय. सोपं आहे, टक् झालं की परत बटण दाबायचं, परत टक्, परत दाबायचं, तीन टक् झाले की अंडं तयार. वेळ बिळ बघायची गरजच नाही. आणि पाण्यात मीठ टाकायचं, मिठाने अंडं लवकर शिजतं. तुझ्या मुलीला एका टक् वर काढायला लावलंस ते बरोबर आहे, नवीन पोरं हीच चूक करतात.

अजून एक, पकडलं जायचं असेल तर फ्यूज उडव. केटल पंधराशे वॉटची, हॉस्टेलच्या वायरिंगला झेपत नाही, बटण दाबलं की अख्ख्या मजल्यावर अंधार. आमच्याकडे झालंय असं.

सांतेर

केटल घ्यायची असेल तर आतून स्टीलची घे, प्लास्टिकची नको. मी मडगावला असताना त्यात मॅगी करायचो, मसाला तळाला चिकटून बसायचा आणि नंतर सहा महिने चहाला मॅगीचा वास. शेवटी लिंबू उकळून साफ केली. अंडी केली नाहीत कधी पण मॅगीपेक्षा बरीच म्हणायची, निदान चिकटत तरी नाहीत.

बिमली

@सांतेर घ्यायची नाहीये हो, कथेसाठी विचारतेय. पण चहाला वास येतो हे लिहून ठेवते, कामाला येईल.

@मांडवीकाठ तीन टक् म्हणजे एकूण किती मिनिटं होतात? आणि मध्ये थांबावं लागतं का?

मांडवीकाठ

मोजलं नाही कधी. टक् झाल्या झाल्या बटण खाली राहत नाही, जरा थांबावं लागतं, मग बसतं.

तारजोडा

मी वायरमन, तीसेक वर्षं झाली या कामात, त्यातली बरीच हॉस्टेलं आणि लॉजिंगची मेंटेनन्स करण्यात गेली. जप्त केलेल्या केटली उघडून बघितल्यात म्हणून थोडं सांगतो, बाय, कारण तुझ्या प्रसंगाचा सगळा जीव त्या टक् मध्ये आहे.

केटलला अंडं कळत नाही, पाण्याचं तापमानही ती थेट बघत नाही. पाणी उकळलं की वाफ झाकणाखालच्या छोट्या भोकातून हँडलच्या आत उतरते, तिथे दोन धातूंची पातळ पट्टी असते, ती तापून उलटी वाकते आणि खटका पाडते. म्हणजे टक् याचा अर्थ एवढाच की वाफ पट्टीपर्यंत पोचली. पाणी कमी असेल तर वाफ लवकर होते आणि टक् लवकर येतो, मग आत अंडं असो नाहीतर दगड. मांडवीकाठ म्हणतो की परत दाबायला थांबावं लागतं, ते त्या पट्टीमुळेच, ती निवून सरळ झाल्याशिवाय खटका बसत नाही. तीन टक्ची पद्धत चालते, पण ती चालते कारण मधल्या थांबण्यात अंडी गरम पाण्यात पडून राहतात. शिजवतो तो वेळ, टक् नव्हे.

फ्यूजचं म्हणशील तर एकट्या केटलने तसं होत नाही. पंधराशे वॉट म्हणजे साडेसहा अँपियर. सहाच्या एमसीबीवर साडेसहा आले तर तो लगेच पडत नाही, तासभरसुद्धा तग धरेल. पण त्याच सर्किटवर शेजारच्या खोलीतलीही केटल चालू असेल, कोणाची इस्त्री असेल, तर मात्र पडतो, आणि कधी सेकंदात तर कधी दहा मिनिटांनी, एकूण लोड किती त्यावर. मांडवीकाठच्या मजल्यावर अंधार झाला तेव्हा बहुतेक एकट्याची केटल नव्हती.

मांडवीकाठ

हं, ते खरं असेल. सोमवारी चार खोल्यांत एकाच वेळी चालायचं.

आंबाडा

बिमली, तुझा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, आज दुपारी दोनदा करून बघितलं. आमची केटल दीड लिटरची, पंधराशे वॉटचीच, अंडी फ्रीजबाहेरची, मध्यम आकाराची, दोन्ही वेळा चार चार.

पहिल्यांदा तुझ्या सुलभासारखंच, दीड कप पाणी, म्हणजे तीनशे मिली, अंडी अर्धी वर. पावणेदोन मिनिटांत टक्. मी काढली नाहीत, झाकण तसंच ठेवून बारा मिनिटं थांबले, म्हटलं बघूया वेळ दिला तर शिजतात का. नाही शिजली गो. पांढरं बाहेरून धरलेलं, बलकाजवळ पातळ दह्यासारखं, आणि बलक सरळ वाहत होता. केटलला हात लावला तर नुसती कोमट झालेली.

दुसऱ्यांदा सातशे मिली, अंड्यांवर बोटभर पाणी. टक् यायला पावणेचार मिनिटं लागली. एक अंडं टक् झाल्याबरोबर काढून फोडलं, आतल्या कडेला कागदासारखा पांढरा पापुद्रा आणि बाकी सगळं कच्चं, म्हणजे तू लिहिलंयस तसंच, मनगटावरून ओघळण्यासारखं. दुसरं पाच मिनिटांनी, पांढरं धरलं होतं, बलक पातळ. तिसरं नऊ मिनिटांनी, बलक कडेने घट्ट आणि मध्ये ओलसर, मला असंच आवडतं. चौथं तेरा मिनिटांनी, पूर्ण झालेलं, बलक कोरडा पिवळा. मध्ये तीनदा झाकण उघडलं म्हणून थोडी ऊब गेली असेल, न उघडता ठेवलं असतं तर एखाद मिनिट आधीच झालं असतं.

म्हणजे तू लिहिलंयस ते बरोबर आहे, पण सुलभाची खरी चूक टक्वर काढण्याआधीच झालीय. घाईने पाणी कमी घातलं तिथेच. थोड्या पाण्यात धग मावत नाही, चार थंड अंडी ती सगळी ओढून घेतात आणि मग कितीही थांबा. घाई केली म्हणून उशीर होतो, हे मला तुझ्या प्रसंगात फार आवडलं असतं.

आणि मिठाचं, @मांडवीकाठ, चिमूटभर मिठाने शिजायला काही फरक पडत नाही. अंडं तडकलं तर बाहेर आलेलं पांढरं मिठाने आणि व्हिनेगरने लवकर आवळतं, एवढाच उपयोग.

बिमली

आंबाडाताई, तुम्ही आठ अंडी माझ्यासाठी फोडलीत, काय म्हणू. कमी पाण्याचं मी नुसतं ओघात लिहिलं होतं, त्याचा एवढा अर्थ आहे हे मला माहीतच नव्हतं.

आंबाडा

वाया काही गेलं नाही, कच्च्यांचं ऑम्लेट केलं आणि कालचा रस्सा होता त्यात घातलं.

केपेंकर

माझा वेगळाच अनुभव. मला वेळ बरोबर जमायची पण अंडं कधी नीट सोललं गेलं नाही, अर्धं पांढरं टरफलाबरोबर जायचं. हॉस्टेलच्या खोलीत बेसिन नाही, बाथरूमपर्यंत नेलं तर कोणीतरी बघणार, मग बादलीत सोलायचो. कोणीतरी सांगितलं की ताजं अंडं असं करतं, आठवडाभर जुनं घे. तुमच्या सुलभाची अंडी कधीची?

आंबाडा

ताज्याला चिकटतं हे खरंच. अंडं जुनं होताना आतला वायू टरफलातून निघून जातो, मग पांढरं आतल्या पातळ पडद्याला तेवढं धरत नाही. पण अजून एक, माझ्या अनुभवाने थंड पाण्यात घालून हळू तापवलेलं अंडं जास्त चिकटतं, उकळत्या पाण्यात सोडलेलं सुटसुटीत निघतं. केटलमध्ये नेमकं उलटं, सगळे थंड पाण्यातच घालतात.

केपेंकर

मग उकळल्यावर सोडायची ना.

तारजोडा

तसं करू नका. केटलचं तोंड अरुंद, हात वाफेत जातो, आणि अंडं वरून सोडलं की थेट स्टीलच्या तळावर आपटतं. तडकलं तर पांढरं उकळत्या पाण्यात फेसाळून तोटीतून बाहेर येतं आणि खालच्या स्टँडवर, जिथे करंटच्या पिना असतात तिथे सांडतं. असे तीन चार स्टँड मी बघितलेत, पिना काळ्या पडलेल्या. घालायचीच असतील तर चमच्याने खाली उतरवून घालावीत. आणि पाणी कमाल खुणेच्या वर नको, अंडी घातल्यावर पातळी चढते ते लोक विसरतात.

पाऊसवेडा

मी कथा म्हणून बोलतो, स्वयंपाकाचं मला कळत नाही. कच्चं अंडं जर्नलवर सांडणं चांगलं आहे, पण त्यात धोका नाही. सांडलं, पुसलं, संपलं. मॅडमची राउंड तू लिहून ठेवलीयस आणि वापरलीच नाहीस. त्यामुळे मला जास्त शिजण्याची बाजू पटते. वास सुटतो, तो लपवता येत नाही, दार उघडायलाच लागतं. वासाला कडी लावता येत नाही.

बिमली

@पाऊसवेडा हाच पेच आहे. पण टक् करून बंद होणाऱ्या केटलमध्ये जास्त शिजेल कसं?

तारजोडा

झाकण उघडं ठेवलं तर. वाफ वरून निघून जाते, पट्टीपर्यंत पोचत नाही, खटका पडतच नाही आणि पाणी उकळतच राहतं. बरीच पोरं मुद्दाम करतात, अंडी हलवून बघायला किंवा टक्चा आवाज नको म्हणून. सातशे मिली पाणी पूर्ण वेगाने उकळत ठेवलं तर पंधरा वीस मिनिटांत बरंच उडून जातं. सगळं आटलं तर तळाला दुसरी पट्टी असते, कोरडं पडल्यावर बंद करणारी, पण तोवर तळ फार तापतो, आणि जुन्या केटलमध्ये ती दुसरी पट्टी चिकटून बसलेली मी बघितलीय. कथेत दाखव पण कोणी शिकू नये अशा रीतीने दाखव, एवढीच विनंती.

आंबाडा

वास त्याच वाटेने येतो. नुसत्या गरम पाण्यात पंधरा मिनिटं राहिलेल्या अंड्याला फार वास नसतो. पण पूर्ण उकळीत पंधरा वीस मिनिटं गेली की पांढऱ्यातला गंधक सुटतो आणि तो वास नाकाला लगेच कळतो. फोडलं की बलकाभोवती हिरवट राखाडी कडा दिसते, तो गंधक आणि बलकातलं लोह एकत्र आल्यामुळे. खायला धोक्याचं नाही, पण बलक भुसभुशीत होऊन घशात अडकतो. पावसात खिडकी बंद, वास खोलीतच, हे जुळतंय.

मांडवीकाठ

वासाने पकडणं खरं वाटत नाही मला. हॉस्टेलच्या मजल्यावर पावसाळ्यात ओल्या कपड्यांचा, बुटांचा, वाळत घातलेल्या टॉवेलांचा असा वास असतो की अंड्याचा कोणाला वेगळा कळणार.

पाऊसवेडा

सोमवारी शिवराक मेस असलेल्या ठिकाणी कळतो. ज्याने ते दिवसभर खाल्लेलं नाही त्याला पहिला कळतो.

मांडवीकाठ

आमच्या मॅडमना नाही कळला कधी. तीन वर्षं.

तारजोडा

बाय, तिसरी एक वाट आहे, मला तुझा पाऊस वाचून सुचली. लाईट.

फोंडा, पाऊस कोसळतोय. लाईट जाणारच. आणि जायच्या आधी बऱ्याचदा व्होल्टेज उतरतं. २३० चे २०० झाले की केटलची ताकद निम्म्या हिशोबाने नाही पण बरीच पडते, पंधराशेची अकराशेच्या आसपास येते. मग नेहमी पावणेचार मिनिटांत उकळणारं पाणी पाच मिनिटं घेतं. ज्या मुलीला रोजची सवय आहे तीसुद्धा इथे चुकते.

आणि लाईट गेली तर यातली खरी गोष्ट सांगतो, माहीत असलेले थोडे असतात. साध्या बटणाच्या केटलचा खटका लाईट गेल्यावर वर येत नाही. तो वाफेनेच पडतो, करंट गेल्याने पडत नाही. म्हणजे बटण खाली दाबलेलंच राहतं, आणि लाईट आली की केटल आपोआप परत सुरू होते, खोलीत कोणी असो नसो. टच बटणवाल्या केटलचं तसं नसतं, पण पोरांकडे असते ती साधीच. म्हणून मी प्रत्येक हॉस्टेलवर सांगतो, लाईट गेली की आधी प्लग काढा, मग टॉर्च शोधा.

बिमली

थांबा थांबा. म्हणजे मॅडम दारात उभ्या आणि त्याच वेळी लाईट येते.

पाऊसवेडा

हे लिही. बाकी सगळं सोड.

आंबाडा

आणि अंधारात वेळ कशी चुकेल ते बघ. केटलचा आवाज ऐकलायस ना नीट? सुरुवातीला गप्प, मग सू सू, मग घरघर वाढत जाते, सगळ्यात मोठा आवाज उकळी यायच्या आधी असतो. उकळायला लागलं की उलट आवाज खाली येतो आणि नुसतं खदखदणं उरतं. आवाज कमी झाला म्हणजे उकळलं, हे कानाला सवयीचं असतं. घरघर चालू असताना लाईट गेली तर एकदम शांत. अंधारात घाबरलेल्या मुलीला वाटेल झालं, उकळलं, आता बारा मिनिटं धरायची. टक् आला नाही हे तिच्या लक्षातच येणार नाही, पाऊस केवढा.

बिमली

आंबाडाताई, हे मला कधीच सुचलं नसतं. अडीच मिनिटांवर लाईट गेली तर पाणी किती तापलेलं असेल?

आंबाडा

सातशे मिलीच्या हिशोबात हात घालवणार नाही इतकं गरम, पण उकळीच्या खाली. चार अंडी त्यातली ऊब घेणार, मग ते पाणी त्यांना धड शिजवू शकणार नाही. बारा मिनिटांनी फोडलं तर पांढरं थरथरतं असेल. आणि लाईट परत आल्यावर ते अर्धवट पाणी पटकन घरघरायला लागेल, थंडापासून सुरुवात नाही ना.

सांतेर

आमच्याकडे इन्व्हर्टर होता त्यामुळे असं काही झालं नाही.

तारजोडा

हॉस्टेलचा इन्व्हर्टर असला तर बहुतेक पॅसेजच्या दिव्यांवर असतो, खोलीच्या प्लगवर नाही. तेही तुला वापरता येईल, दाराच्या फटीतून पॅसेजचा उजेड आणि आत अंधार.

बिमली

काल रात्री बसून परत लिहिलं. पाणी आता सातशे आहे, म्हणजे तिने ते शिकलेलं आहे, पहिल्या वेळी कच्ची निघाली होती असं आधी एका ओळीत येईल. हे बघा:

*या खेपेला तिने पाणी पुरेसं घेतलं. चारही अंडी बुडून वर बोटभर पाणी आलं तेव्हाच झाकण लावलं. नऊ चाळीस. बटण खाली गेलं, हँडलजवळचा निळा दिवा लागला. तिने केटल खाटेखाली सरकवली आणि पुढे बादली ठेवली.*

*"चार मिनिटां आणि वयर बारा," तन्वी हळूच म्हणाली. मागच्या सोमवारपासून ती हिशोब पाठ करून बसली होती.*

*सू सू सुरू झालं. मग घरघर. ती घरघर सुलभाला एवढी मोठी वाटली की तिने उगाच खोकून घेतलं. आणि मग सगळं एकदम थांबलं. पंखा, ट्यूब, केटल. दाराच्या फटीतून पॅसेजच्या दिव्याची पिवळी रेघ तेवढी आत येत होती.*

*"उकळलं," ती म्हणाली. "थांबलं बघ."*

*तन्वीने मोबाईलवर बारा मिनिटं लावली. दोघी खाटेवर पाय वर घेऊन बसल्या. पाऊस पत्र्यावर आपटत होता. सुलभाने हात खाली घालून केटलच्या पोटाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. गरम होती. तिला बरं वाटलं. आई गावात चुलीवर अंडी उकडायची तेव्हा घड्याळ नसायचं, भात उतरला की अंडी झाली असायची.*

*नऊ मिनिटं झाली होती तेव्हा दारावर थाप पडली. राउंडला अजून वेळ होता, पण अंधार बघून मॅडम लवकरच वर आल्या होत्या. तन्वीने कडी काढली. टॉर्चचा उजेड आधी टेबलावरच्या उंड्यांवर थांबला, मग जर्नलवर, मग दोघींच्या तोंडावर.*

*"मेणबत्ती बित्ती लावली नाही ना गो?"*

*"नाही मॅडम."*

*"जेवलात?"*

*"हो मॅडम."*

*मॅडम वळल्या. आणि ट्यूब दोनदा फडफडून लागली, पंखा हलला, आणि बादलीच्या मागे, खाटेखाली, निळा उजेड पडला. सुलभाला आधी कळलंच नाही की तो कशाचा. मग घरघर सुरू झाली, या वेळी सुरुवातीची सू सू नाहीच.*

*मॅडम दारातच उभ्या होत्या. घरघर वाढत गेली. तिघीही बादलीकडे बघत होत्या. मग आवाज जरा उतरला, आत काहीतरी खदखदलं, अंडी एकमेकांवर आपटल्याचा बारीक ठकठक आवाज आला, आणि टक्.*

*"किती आहेत?" मॅडमनी विचारलं.*

*"चार," सुलभा म्हणाली.*

इथपर्यंत आहे. शेवट अजून ठरला नाही.

आंबाडा

अंडी आपटल्याचा आवाज. डोळ्यांत पाणी आलं गो, खरंच. आणि आता हिशोबाने टक् नंतर दहा मिनिटांत ती उत्तम होतील, आधीच्या नऊ मिनिटांत अर्धी शिजलेलीच आहेत. मॅडमनी उभं राहायचं ठरवलं तर.

मांडवीकाठ

मॅडमनी केटल जप्त करावी. नाहीतर खोटं वाटेल. नियम तो नियम, आमची दोन वेळा गेली.

पाऊसवेडा

मला वाटतं "चार" वरच थांब. पुढे एक शब्द नको.

केपेंकर

सोलणार कशी ते राहिलं. माझं मत, ताजी अंडी दाखव आणि मॅडमच सोलायला बसू देत, टरफलाबरोबर अर्धं पांढरं जाऊ दे.

तारजोडा

सगळं बरोबर जमलंय. फक्त एक ओळ घाल जमलं तर. तन्वीला वाकून प्लग काढू दे, कोणी न सांगता. मॅडम गेल्यावर का असेना.

बिमली

प्लगची ओळ घातली, काका. तन्वीच काढते. जप्तीचं आणि "चार" वर थांबायचं यात माझं अजून होत नाहीये, दोन्ही लिहून ठेवलंय. या रविवारी घरी केटल आणतेय, सातशे मिली मोजून, लाईटचा मेन अडीच मिनिटांवर बंद करून बघणार आहे पांढरं खरंच थरथरतं का. आई म्हणते अंडी मी आणून ठेवते, पण रविवारचीच हो, सोमवारी आपल्या घरात नाही.